सोन्याची पडीक वर्षे



जिल्ह्याच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. बहात्तर साली क्विंटलभर कापसात तोळाभर सोने यायचे, आज बारा क्विंटल घातले तरी येत नाही. या वाक्याशी आमचे भांडण नाही. कापूस कसा लुटला गेला हे सांगायला ते उपयोगी पडते, आणि आम्हीही ते व्यासपीठावरून वापरले आहे. भांडण आहे ते त्या वाक्यातून घरी नेल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. सोने कधी खाली बसतच नाही, म्हणून चुकारा हातात पडला की सराफाची पायरी चढावी आणि निर्धास्त व्हावे, हा तो निष्कर्ष. सोने खाली बसते. दहा-दहा, वीस-वीस वर्षे बसते. आपल्या हयातीत ते दोनदा बसले, आणि ज्यांनी नेमक्या त्याच काळात आपला कापूस सोन्यात घातला त्यांचे काय झाले याचा हिशेब कोणी मांडत नाही.

आधी बहात्तर सालाचेच पाहू. अमेरिकेने १९३४ साली एका औंसाला, म्हणजे साधारण एकतीस ग्रॅमला, ३५ डॉलर हा भाव ठरवून टाकला आणि १९७१ पर्यंत तो तसाच धरून ठेवला. सदतीस वर्षे सरकारी भाव जागचा हलला नाही. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले आणि बांध फुटला. म्हणजे १९७२ हे साल कसले, तर दाबून धरलेली स्प्रिंग नुकतीच सुटल्याचे. तिथून मोजायला सुरुवात केली तर कुठलीही वस्तू सोन्यापुढे फिकी पडणारच. पेरणीचा हिशेब मांडताना कोणी फक्त भरपूर पावसाचे वर्ष धरून उतारा सांगितला, तर आपण त्याला हसू. सोन्याच्या बाबतीत मात्र तेच करतो.

१९७१ नंतर नऊ वर्षांत भाव ३५ डॉलरवरून जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलरला पोचला. तेलाचे संकट, अमेरिकेतली महागाई, इराण, अफगाणिस्तान, सगळी भीती त्या भावात उतरली होती. लोक रांगा लावून सोने घेत होते. आणि तिथेच शिखर आले. त्यानंतर भाव जो घसरला तो १९९९ च्या उन्हाळ्यात २५२ डॉलरपर्यंत, आणि २००१ पर्यंत तो तिथेच घोटाळत राहिला. ८५० डॉलरचा आकडा पुन्हा दिसायला जानेवारी २००८ उजाडले. अठ्ठावीस वर्षे! बरे, अठ्ठावीस वर्षांनी हातात आलेले ८५० डॉलर काही १९८० चे ८५० डॉलर नव्हते. अमेरिकेतली महागाई धरून हिशेब केला तर १९८० च्या शिखराची बरोबरी सोन्याने थेट २०२५ साली केली. ऐन पंचविशीत सोने घेणारा माणूस सत्तरीत मुद्दलाला पोचला.

न्यायाने बोलायचे तर ८५० हा एखाददुसऱ्या दिवसाचा भाव होता. १९८० सालची सरासरी सहाशेच्या थोडी वर होती आणि सरासरीने घेणाऱ्याचे डॉलर २००६ च्या सुमारास भरून निघाले. तरी सव्वीस वर्षे झालीच.

असे का झाले? सोने हे पीक नाही, हे त्याचे उत्तर आहे. ज्वारी पिकते आणि खाल्ली जाते. पुढच्या वर्षी नवी पिकली नाही तर भाव चढतो. सोने कोणी खात नाही. माणसाने आजवर जमिनीतून काढलेले जवळजवळ सगळे सोने, दोन लाख टनांहून अधिक, कुठे ना कुठे शिल्लक आहे. आणि वर्षाला नवे निघते ते साडेतीन हजार टनांच्या आसपास. म्हणजे यंदाचे ‘पीक’ कोठारातल्या साठ्याच्या दोन टक्केही नाही. तेव्हा भाव ठरतो तो नव्या उत्पादनावर नाही. ज्यांच्याकडे सोने आहे त्यांना ते धरून ठेवावेसे वाटते की सोडावेसे वाटते, यावर तो ठरतो. आणि धरून ठेवण्याला खर्च आहे. सोन्याला व्याज नाही, वासरू नाही, कडबा नाही. पैसा बँकेत ठेवून महागाईपेक्षा जास्त व्याज मिळू लागले की सोने धरणाऱ्याचे मन डळमळते.

१९७९ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर पॉल व्होल्कर आले. त्यांनी महागाई मोडायची म्हणून व्याजाचे दर वीस टक्क्यांच्या घरात नेऊन ठेवले. महागाई उतरली, व्याज मात्र तिच्यापेक्षा वरच राहिले. वीस टक्के व्याज सोडून निपचित धातू कोण कवटाळून बसणार? त्यात ऐंशीच्या दशकात हलक्या प्रतीच्या दगडातून सोने धुऊन काढण्याच्या रीती पसरल्या आणि खाणींचे उत्पादन वीस वर्षांत जवळपास दुप्पट झाले. खाणवाले पुढच्या वर्षांचे सोने आजच विकून मोकळे होऊ लागले. शेवटी मोठमोठ्या देशांच्या मध्यवर्ती बँकाही कंटाळल्या. ऑस्ट्रेलियाने १९९७ मध्ये १६७ टन विकले. ब्रिटनने मे १९९९ मध्ये जाहीर करून पुढच्या तीन वर्षांत लिलावाने सुमारे ३९५ टन सोने फुंकले, सरासरी २७५ डॉलरने. लंडनच्या तिजोरीतले शहाणे लोक नेमके तळाला विकून गेले हे लक्षात ठेवा. कारण याच जागी आपल्याकडचा माणूसही विकतो. वीस वर्षे वाट पाहून थकलेला माणूस एकविसाव्या वर्षी विकतो आणि बाविसाव्या वर्षी भाव उठतो.

आता कोणी म्हणेल, ही डॉलरची कथा झाली, आमच्या आईने ऐंशी साली घेतलेले सोने तर नव्वदला दुपटीवर गेले होते. खरे आहे. आपल्याकडे दहा ग्रॅमचा भाव १९८० च्या तेराशे-पंधराशेवरून १९९० ला बत्तीसशेवर गेला. पण त्यात सोन्याचा पराक्रम थोडा आणि रुपयाची पडझड फार. डॉलर १९८० ला आठ रुपयांच्या आसपास होता. १९९१ च्या अवमूल्यनानंतर तो सव्वीसच्या पुढे गेला. शिवाय आयातीला बंदी आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा यांच्यामुळे देशातला भाव जगाच्या भावापेक्षा बराच वर असे. तेवढ्या फरकावरच तर चोरट्या आयातीचा धंदा चालत होता. जगातली पडझड आपल्याला दिसली नाही ती या दोन भिंतींमुळे.

मग १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १९९२ मध्ये परदेशातून येणाऱ्यांना पाच किलोपर्यंत सोने आणायची मोकळीक मिळाली, १९९७ मध्ये बँकांना आयातीची परवानगी मिळाली. भिंत पडली, वरचा जादा भाव विरघळला. रुपया पुढेही घसरतच होता, पण जगातला भाव त्याहून जोरात पडत होता. दोन्ही मिळून काय झाले? १९९२ साली दहा ग्रॅमचा भाव वर्षाच्या सरासरीने ४,३०० रुपयांच्या आसपास होता. २००१ साली तो किती होता? ४,३०० रुपयांच्या आसपास. मध्ये १९९६ ला पाच हजारांवर जाऊन आला, १९९८ ला चार हजारांपर्यंत खाली उतरला, पण नऊ वर्षांनी बैल पुन्हा त्याच खुंट्याला. आणि त्याच नऊ वर्षांत किराणा, औषध, शाळा, लग्न, सगळ्याचा खर्च जवळपास दुप्पट झाला होता.

आपण हिशेब रुपयात नको, क्विंटलात करू. १९९२-९३ चा एच-४ कापसाचा हमीभाव ९५० रुपये होता, २००१-०२ चा १,८७५. म्हणजे १९९२ साली तोळ्याला, आपण दहा ग्रॅमलाच तोळा म्हणू, साडेचार क्विंटल कापूस लागत होता. २००१ साली सव्वादोन. ज्वारीचा हमीभाव २४० वरून ४८५ झाला. तोळ्याला अठरा क्विंटल ज्वारी लागत होती ती नऊवर आली. ज्या कापसाला सरकारने सतत दाबले, तो दाबलेला कापूससुद्धा त्या नऊ वर्षांत सोन्यापेक्षा दुप्पट चालला. बहात्तर सालच्या वाक्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांनी हा आकडाही वहीत लिहून ठेवावा.

एक उदाहरण पुरते करून पाहू. समजा, एका कोरडवाहू घराने १९९२ च्या मध्यात दोन तोळ्यांच्या पाटल्या केल्या. सोने ८,६०० रुपयांचे, घडणावळ दहा टक्के धरली तर ८६० रुपये. एकूण ९,४६० रुपये, म्हणजे हमीभावाने जवळजवळ दहा क्विंटल कापूस. २००१ साली कपाशी गेली, मुलीचे लग्न अंगावर आले, पाटल्या मोडायला नेल्या. घडणावळ सोनार परत देत नाही. डाग आणि झीज म्हणून पाच टक्के घट धरली, हे आम्ही सोनाराला फार प्रामाणिक धरून लिहितो आहोत, तर हातात आले ८,१७० रुपये. त्या वर्षीच्या भावाने तो झाला चार क्विंटल पस्तीस किलो कापूस. दहा क्विंटल घातले, साडेचारही परत आले नाहीत. चोरी नाही, दुष्काळ नाही, फसवणूक नाही. फक्त नऊ वर्षे.

तेच ९,४६० रुपये १९९२ च्या मध्याला पोस्टात किसान विकास पत्रात गेले असते, तर त्या काळच्या नियमाने साडेपाच वर्षांत दुप्पट, म्हणजे १९९७ च्या अखेरीस १८,९२० रुपये. ते लगेच पुन्हा ठेवले असते तर २००३ च्या मध्याला ३७,८४० रुपये. २००३ साली सोने जरा उठून ५,६०० वर आले होते, त्या भावाने दोन तोळे ११,२०० रुपयांचे. घडणावळ आणि घट सोडूनही एकाच्या तिपटीहून जास्त फरक. व्याज महागाईच्या वर असले की सोने असेच मागे पडते. अमेरिकेत जे व्होल्करच्या काळात झाले तेच आपल्या पोस्टाच्या खिडकीत झाले.

यावर मायबहिणी काय म्हणणार ते आम्हाला ठाऊक आहे. पोस्टातला पैसा घरधन्याच्या नावावर होता, तो पहिल्याच तंगीत बाहेर पडला असता. पाटल्या हातात होत्या म्हणून नऊ वर्षे टिकल्या तरी. हा मुद्दा आम्ही उडवून लावणार नाही. सोन्याचे खरे काम तेच आहे. १९९१ साली देशाच्या तिजोरीत परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले, तेव्हा सरकारनेही तेच केले. रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने विमानाने लंडनला गेले आणि त्यावर कर्ज उभे राहिले. त्या सोन्याला तोवर व्याज मिळाले नव्हते. पण अडीला ते उभे राहिले, आणि अडीला उभे राहणाऱ्या वस्तूचे भाडे द्यावे लागते. नऊ पडीक वर्षांतला तोटा म्हणजे ते भाडे समजा. मग प्रश्न एवढाच उरतो की भाडे किती सोन्यावर द्यायचे. अडीनडीच्या एका झटक्याला, एका बुडालेल्या हंगामाला पुरेल एवढ्यावर द्यावे. त्याच्या वरचे सोने ‘वाढेल’ म्हणून घ्यायचे असेल, तर दहा वर्षे ते वाढणार नाही असे धरून घ्यावे, आणि त्या दहा वर्षांत त्याला हात लावायची पाळी येणार नाही अशी घरची परिस्थिती असेल तरच घ्यावे. कोरडवाहू घरात दहा वर्षांत दुष्काळ किती येतात ते तुम्हीच मोजा. धीर हा गुण आहे हे मान्य, पण धीर धरायलाही ओलिताची शेती लागते.

पडीक वर्षांत सर्वांत वाईट मरण येते ते गहाणाचे. दुसरा पडीक काळ आठवा. २००१ नंतर भाव धावत सुटला, २०१२ साली दहा ग्रॅम ३१,००० रुपयांना गेले. अकरा वर्षांत सातपट. तेव्हाही गावोगाव लोक म्हणत होते की आता हे थांबत नाही. ते थांबले. २०१५ साली सरासरी २६,३०० पर्यंत खाली आली आणि २०१८ साली ३१,४०० रुपयांवर, म्हणजे सहा वर्षांनी पुन्हा तिथेच. समजा २०१२ साली दोन तोळ्यांचे, ६२,००० रुपयांचे दागिने ठेवून त्यावर साठ टक्के, ३७,२०० रुपये उचलले. व्याज साधे बारा टक्के धरले आणि तीन वर्षे काही भरता आले नाही. २०१५ साली देणे झाले ५०,६०० रुपये, आणि दागिन्यांची किंमत उरली ५२,६०० रुपये. व्याजावर व्याज लागले असेल, किंवा सावकाराने महिन्याला दोन टक्के लावले असतील, तर दागिना त्याआधीच बुडाला. वाढत्या भावात गहाण सुटते, कारण भाव व्याजाच्या पुढे पळतो. पडीक भावात व्याज दागिना खाते, आणि शेवटी लिलावाची नोटीस घरी येते.

म्हणून आमचे मत असे की व्याजाचा दर सोन्याच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या वाढीपेक्षा जास्त दिसत असेल आणि पुढच्या चुकाऱ्यात सोडवता येईल अशी खात्री नसेल, तर सगळे सोने गहाण टाकण्यापेक्षा त्यातला एखादा नग मोडून गरज भागवावी. मोडलेला नग गेला, पण बाकीचे आपले राहते. मोडायचाच असेल तर कमी घडणावळीचा, बिनखड्याचा, लाख न भरलेला नग आधी मोडावा. त्यात घट कमी धरली जाते. बाईच्या गळ्यातले मोडायला मन होत नाही, हे समजते. पण गहाण टाकून तीन वर्षांनी तेच गमावण्याने मनाला काय सुख लागते?

पडीक काळ कधी सुरू होतो हे आधी ओळखता येते का? तारीख सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण दोन्ही वेळा तो एकाच जागी सुरू झाला होता. थोड्या वर्षांत भाव अनेक पटींनी चढून गेल्यानंतर आणि सगळ्यांचे एकमत झाल्यानंतर. तोळ्याला किती क्विंटल, हे माप वापरून पाहा. १९९२ ला साडेचार, २००१ ला सव्वादोन, २०१२ ला ३,९०० रुपये हमीभावाने आठ, २०१८ ला ५,४५० रुपये हमीभावाने पावणेसहा. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमने एक लाखाचा आकडा गाठला आणि पुढे ओलांडला. एक लाखच धरला, तरी २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या ८,११० रुपये हमीभावाने सव्वाबारा क्विंटल होतात. यात कापूस स्वस्त झाल्याचा वाटाही आहे, आणि बाजारात हमीभावही न मिळाल्याने कित्येकांना त्याहून जास्त कापूस घालावा लागला. तरीही या पाच आकड्यांत इतके क्विंटल देऊन सोने कधी घ्यावे लागले नव्हते. म्हणून उद्या भाव पडेल असे आम्ही म्हणत नाही. १९७९ साली हेच म्हणणारा माणूस वर्षभर वेडा ठरला असता. पण सव्वाबारा क्विंटल देऊन घेतलेला तोळा सव्वादोन क्विंटलांत घेतलेल्या तोळ्यासारखा वागेल, ही अपेक्षा धरू नये.

उलटी बाजूही सांगतो, नाहीतर लेख एकांगी होईल. पडीक काळाच्या मध्यावर किंवा शेवटी, कोणी सोन्याचे नाव घेत नसताना घेणाऱ्याचे भले झाले आहे. सरकारने नोव्हेंबर २०१५ मध्ये सुवर्ण रोखे काढले, पहिल्या खेपेचा भाव ग्रॅमला २,६८४ रुपये. वर थोडे व्याज, घडणावळ नाही, घट नाही. आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याच ग्रॅमचे ६,१३२ रुपये मिळाले. पण पहिली दोन-तीन वर्षे तेही रोखे जागेवरच होते, आणि आमच्या बैठकांत ते घेतलेला कोरडवाहू शेतकरी आम्हाला भेटला नाही. ते पगारदारांनी घेतले. भाव भडकल्यावर तो सौदा सरकारलाच जड जाऊ लागला. शेवटची खेप फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना घरातल्या जुन्या ट्रंकेत सराफाच्या पावत्या आणि कापसाच्या हिशेबपट्ट्या असतील तर घेऊन या. साल, वजन, भाव, घडणावळ आणि मोडताना मिळालेली रक्कम एवढे दिसले तरी पुरे. हमीभावाच्या जागी तुम्हाला प्रत्यक्ष मिळालेला भाव घालून आपण तोळ्याला क्विंटलचा हाच तक्ता गावनिहाय नव्याने मांडणार आहोत. मायबहिणींनी आपल्या पावत्या स्वतः आणाव्यात.